कृष्णेच्या पाण्याची वाटणी

पाटाच्या पाण्यावरून होणारी भांडणं आपण सगळ्याच पाहतो. वरच्याचं शेत आधी भिजतं आणि शेवटाला, म्हणजे टेलला, ज्याचं शेत आहे तो रात्रभर बॅटरी घेऊन बसतो. दोन राज्यांतलं भांडण याच जातीचं असतं, फक्त पाटाच्या जागी नदी असते.

आपली कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून ती कर्नाटकात जाते आणि पुढे तेलंगणा व आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागराला मिळते. वरचं राज्य म्हणतं, पाऊस आमच्या डोंगरात पडतो. खालचं म्हणतं, आमची शेती पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर उभी आहे. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. म्हणून कायद्याने नदी कोणा एकाची मानलेली नाही, प्रत्येकाला न्याय्य वाटा द्यायचा असं धरलं आहे. बोलणी फिसकटली तर १९५६ च्या कायद्याने लवाद नेमला जातो.

कृष्णेसाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला. पहिला प्रश्न होता, वाटायचं तरी किती? पाऊस काही दरवर्षी सारखा पडत नाही. म्हणून चार वर्षांतून तीन वर्षं जेवढं पाणी हमखास मिळेल, तेवढंच धरलं. ते भरलं २०६० टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८०० कोटी लिटर.)

मग वाटा ठरवताना आधीपासून चालू असलेल्या वापराला संरक्षण दिलं, कारण उभ्या शेतीचं पाणी तोडणं बरं नव्हे. उरलेलं गरज पाहून दिलं. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी. या वाट्यांखेरीज, शेतात दिलेलं पाणी झिरपून नदीत परत येतं, त्याचाही थोडा हिशेब धरला.

खरी मेख इथेच आहे. चौथ्या, कमी पावसाच्या वर्षी काय करायचं? वरची धरणं आधी भरतात, त्यामुळे तुटीची झळ टेलच्या राज्याला जास्त बसते. म्हणून लवादाने आंध्रला सवलत दिली, की चांगल्या वर्षी उरलेलं पाणी वापरा, पण त्यावर कायमचा हक्क सांगू नका. आता सवलतीच्या पाण्यावर एकदा पीक उभं राहिलं, की शेतकऱ्याला ते हक्काचंच वाटणार, नाही का?

पुढे २००४ मध्ये दुसरा लवाद नेमला गेला. त्याने ते जादा पाणीही वाटून दिलं, पण २०१० चा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयात अडकला. २०१४ मध्ये तेलंगणा वेगळं झालं आणि आंध्रच्या वाट्याचे दोन भाग कसे करायचे, हा नवा वाद उभा राहिला.