म्हातारा कुत्रा घटाघटा पाणी पितो तेव्हा

आज राखणीच्या कुत्र्याविषयी बोलू या.

आमच्या गटातल्या एका ताईंचा मोत्या दहा वर्षांचा, वजन वीस किलो. गेल्या थंडीत त्याचं पोट नगाऱ्यासारखं सुटलं. पाठीचा कणा मात्र हाताला लागायला लागला. पहाटेच्या गारठ्यातही जीभ बाहेर काढून धापा टाकायचा. पाण्याचं घमेलं सारखं रिकामं आणि रात्रीतून तीन-तीनदा लघवीला बाहेर. भाकरी मात्र दुप्पट खायचा, म्हणून घरचे म्हणायचे, "खातोय ना, मग कसला आजार?" या आजारात फसगत होते ती इथंच. भूक मरत नाही, उलट वाढते.

मूत्रपिंडांच्या शेजारी दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्यांतून कॉर्टिसोल नावाचा रस रक्तात जातो. तो किती सोडायचा याचा हुकूम मेंदूखालची पियुषिका ग्रंथी देते. उतारवयात हा आजार होणाऱ्या बहुतेक कुत्र्यांमध्ये या पियुषिकेवर बारीक गाठ येते आणि हुकूम थांबतच नाही. थोड्या कुत्र्यांमध्ये गाठ खुद्द अधिवृक्क ग्रंथीवर असते. कॉर्टिसोल जास्त झालं की स्नायू झिजतात, यकृत मोठं होतं, पोटात चरबी साठते, म्हणून पोट लोंबतं. याला कुशिंगचा आजार म्हणतात. अंगावरचे केसही दोन्ही बाजूंनी सारखेच विरळ होतात, पण कुत्रा खाजवत नाही. खरजेत तो खाजवून हैराण होतो, हा फरक ध्यानात ठेवा.

दवाखान्यात जाण्याआधी आम्ही ताईंना पाणी मोजायला सांगितलं. सकाळी लिटरच्या मापानं घमेलं भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. कोंबड्या-मांजरं दूर ठेवायची आणि कुत्र्याचं पाणी अजिबात तोडायचं नाही. दिवसाला किलोमागे शंभर मिलीपेक्षा जास्त पाणी म्हणजे गडबड. मोत्याच्या वीस किलोला दोन लिटर ही हद्द, आणि तो पीत होता पावणेतीन.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याला खाजेची इंजेक्शनं किंवा गोळ्या किती दिल्या?" कारण स्टेरॉइड वरचेवर दिलं तरी हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. तेव्हा जुन्या चिठ्ठ्या, रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून न्या. असं औषध चालू असेल तर ते आपल्या मनानं एकदम बंद मात्र करू नका. शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर झोपलेली असते आणि कुत्रा कोसळू शकतो. मोत्याला असं काही दिलेलं नव्हतं. मग रक्त-लघवी तपासून मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार नाही हे पाहिलं, कारण तहान त्यांतही वाढते. (मादी असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर गर्भाशयात पू झाला नाही ना, हे तातडीनं बघावं लागतं.) मोत्याच्या यकृताचा एक आकडा खूप वाढलेला होता. संशय बळावला, पण नुसत्या त्यावर शिक्कामोर्तब होत नाही.

खरी चाचणी दिवसभराची. ती तालुक्याला होत नव्हती, म्हणून जिल्ह्याला जावं लागलं. सकाळी एकदा रक्त घेतलं आणि लगेच डेक्सामेथासोनचं अगदी थोडं औषध शिरेतून दिलं. मग चार तासांनी आणि आठ तासांनी पुन्हा रक्त. निरोगी कुत्र्यात हे औषध पियुषिकेला सांगतं, "पुरे आता." हुकूम थांबतो आणि आठ तासांनीही कॉर्टिसोल खालीच असतं. मोत्याचं चार तासांनी खाली आलं, आठ तासांनी पुन्हा वर गेलं. डॉक्टर म्हणाले, असा चढउतार पियुषिकेच्या गाठीकडे बोट दाखवतो. सोनोग्राफीत दोन्ही अधिवृक्क ग्रंथी सारख्याच फुगलेल्या दिसल्या, म्हणजे तेही जुळलं. एकच मोठी आणि दुसरी बारीक दिसली असती, तर गाठ त्या ग्रंथीवरच असल्याचा संशय आला असता.

एक अडचण सांगतो. कुत्रा घाबरला असेल किंवा दुसऱ्या आजारानं बेजार असेल, तर कॉर्टिसोल तसंही वाढतं आणि चाचणी खोटी सांगते. म्हणून ताप-जखम आधी बरी करायची, आणि त्या दिवशी ओळखीचं माणूस जवळ बसवायचं. ताई आठ तास तिथंच बसल्या होत्या.

मोत्याला आता ट्रायलोस्टेनची गोळी जेवणासोबत सुरू आहे. ती महाग पडते आणि बहुधा जन्मभर द्यावी लागते. डोस बरोबर आहे का, हे बघायला मधूनमधून रक्त तपासतात. गोळी जास्त झाली तर कॉर्टिसोल फारच कमी होतं. अशा वेळी खादाड कुत्रा अन्नाला तोंड लावत नाही, उलट्या करतो, गळून पडतो. असं दिसलं की पुढची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.