बाळाच्या किडनीला सूज : रिपोर्टमधला ग्रेड काय सांगतो?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील आरोग्य सत्रात केलेले भाषण)



सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'हायड्रोनेफ्रोसिस' असं लिहून आलं की घरात रडारड सुरू होते. या शब्दाचा अर्थ एवढाच, की बाळाच्या किडनीतून लघवी पुढे सरकताना थोडी साठतेय आणि तिथली पिशवी फुगलीय. पुष्कळदा ही फुगवट आपोआप ओसरते. पण ती ओसरली की नाही, हे जन्मानंतर तपासल्याशिवाय कळत नाही.

समजा, आपल्या गटातल्या एका सुनेची आठव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. बाळाच्या डाव्या किडनीतली पिशवी ११ मिलिमीटर भरली. सातव्या महिन्यानंतर ७ मिलिमीटरच्या आत असेल तर काळजी नसते. हिचं माप जास्त आहे, पण उजवी किडनी, मूत्राशय आणि गर्भजल चांगलं आहे. म्हणजे बाळंतपण नेहमीसारखंच करायचं, घाई नाही.

बाळ झालं. दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी केली आणि ती नॉर्मल आली. इथेच फसगत होते. पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे फुगलेली पिशवीही रिकामी दिसते. म्हणून तपासणी ४८ तासांनंतर, पहिल्या आठवड्यात करायची आणि पहिली नॉर्मल आली तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करायची.

त्या रिपोर्टमध्ये ग्रेड लिहितात. ग्रेड १ म्हणजे फक्त मधली पिशवी थोडी फुगलेली. ग्रेड २ मध्ये तिला जोडलेले काही कप्पेही फुगतात. या दोन्हींत बहुतेक वेळा ठरल्या तारखांना सोनोग्राफी करत राहणं पुरतं. ग्रेड ३ मध्ये सगळे कप्पे फुगलेले असतात आणि ग्रेड ४ मध्ये किडनीचा गरही पातळ झालेला असतो. अशा बाळाला मुलांच्या किडनीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे न्यायचं. किडनी किती काम करते हे पाहायला ते साधारण सहा आठवड्यांनंतर स्कॅन सांगतात. ग्रेड ४ म्हणजे लगेच ऑपरेशन असंही नाही. ते स्कॅन पाहून ठरतं.

मात्र दोन्ही किडन्या फुगलेल्या, एकच किडनी, गर्भजल कमी किंवा मुलाचं मूत्राशय मोठं, असं काही असेल तर ४८ तास थांबायचं नाही. प्रसूती मोठ्या दवाखान्यातच करायची. मुलग्याची लघवी धारेने न येता थेंबथेंब येत असेल तर त्याच दिवशी दाखवा. ग्रेड कोणताही असो, ताप आला, बाळ दूध ओढेना, तर लघवी तपासून घ्या. घरगुती काढा देऊन वाट पाहू नका.

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत तपासणी, औषधं आणि वाहन मोफत आहे. गरोदरपणातला रिपोर्ट बाळाच्या लसीकरण कार्डाला लावून ठेवा आणि आशाताईंना सहाव्या आठवड्याची तारीख त्यावर लिहायला सांगा.