वेठ गेली, वरकड उरले



१९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी वारली बांधव जमले आणि वेठ बंद करायचे ठरले. जमीनदाराकडे फुकट राबणे म्हणजे वेठ. ती डोळ्यांना दिसत होती. कारखान्यात तर हजेरी मिळते. मग शोषण कुठे आहे?

समजुतीसाठी आपण डहाणूकडच्या फुगे कारखान्याचा हिशोब मांडू. समजा, एक कामगार आठ तासांत २८०० रुपयांचे फुगे काढतो. रबराचा चीक, रंग, वीज, यंत्राची झीज यांचे २००० गेले. ते जुनेच मूल्य मालात उतरले. उरलेले ८०० श्रमातून नवे निर्माण झाले, म्हणजे तासाला १००. हजेरी ४००. ती चार तासांतच फिटली. पुढचे चार तास मालकाचे. त्या ४०० रुपयांना मार्क्सने वरकड मूल्य म्हटले. त्यातूनच बँकेचे व्याज, जागेचे भाडे, व्यापाऱ्याचा नफा निघतो.

मालक लबाड असलाच पाहिजे असे नाही. तो विकत घेतो ती आपली दिवसभराची श्रमशक्ती, आणि तिची किंमत ठरते आपले घर चालवायला काय लागते त्यावर. आपण त्याहून किती जास्त निर्माण केले, हे त्यात धरलेच जात नाही. म्हणून पूर्ण हजेरी देऊनही शोषण होते.

त्याच हजेरीत दहा तास राबवले, तर वरकड ६०० होते. म्हणून कायद्याने जादा तासांना दुप्पट दर ठेवला आहे. पगाराच्या कागदावर रुपये पाहता, तसे तासही मोजा. एवढे सांगून आम्ही थांबतो.