दसऱ्याच्या आधीची वही



महाविद्यालयांतील विद्यार्थी निवडणुका 1994 मध्ये बंद झाल्या. 2016 च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली खरी, पण मला कोणी मत दिले नव्हते. गुणांकडे पाहून सरांनी माझी नेमणूक केली. त्यामुळे भाषणे करण्याचा प्रसंग कधी आला नाही. वर्षभर मी अर्जच पाहिले. आज निरोप घेताना त्याविषयीच बोलते.

आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे कामही बहुधा याच काळात चालते. आपल्यातील एका बहिणीचा महाडीबीटीवरील अर्ज कार्यालयाने परत पाठवला, कारण उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा होता. अर्जात मोबाईल नंबर वडिलांचा दिलेला. निरोप सांगली भागातील उसाच्या फडात पोहोचला आणि तेथेच राहिला. तिला कळले तेव्हा मुदतीचे नऊ दिवस उरले होते.

तहसीलच्या दाखल्यासाठी वडिलांचे घोषणापत्र हवे होते. त्यांना यावे लागले. फडावर एक दिवस गैरहजर राहिले की खाडा पडतो. मजुरी तर जातेच, वर मुकादम दंडही धरतो. त्यांनी तीन खाडे सोसले. अर्ज मुदतीत गेला.

पुढे सर्वांचे पैसे आले, तिचे आले नाहीत. आम्ही बँकेत जाऊन पासबुक भरून घेतले, तर तेथे काहीच नव्हते. माझाही समज होता की आधार क्रमांक दिला म्हणजे झाले. तसे नाही. एकाच व्यक्तीची अनेक खाती आधारला जोडलेली असू शकतात, पण सरकारी रक्कम त्यांपैकी एकाच खात्यात येते; बहुधा जेथे शेवटची संमती दिली तेथे. तिने मधल्या काळात दुसऱ्या योजनेसाठी नवे खाते उघडून अशी संमती दिली होती. पैसे तीन आठवडे त्या खात्यात पडून होते आणि ती मात्र वडिलांच्या खाड्यांसाठी रडत होती.

पालकांनो, आपण येथे बसला आहात म्हणून सांगते. फडावर निघण्यापूर्वी चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढून मुलीच्या हाती द्या. अर्जात तिच्याजवळ राहणारा नंबर लिहा. आणि दाखला, आधार, पासबुक या तिन्हींवर नाव एकसारखे आहे का, ते पाहा. आपल्याकडे एकाच घरात कुठे आधी शेख तर कुठे शेवटी शेख असते, आणि अर्ज तेवढ्यावरही अडतो.

ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांची नावे मी एका वहीत लिहिली आहेत. वही कार्यालयातील डाव्या कपाटात आहे. नव्या प्रतिनिधीने ती ऑगस्टमध्ये उघडावी; मी ऑक्टोबरमध्ये उघडली होती.