कार्टचा फोटो आणि नागपूरकराचे बारा डॉलर

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात, नव्याने आलेल्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण. अंकासाठी थोडं नीटनेटकं करून.)



मसाला दूध येईपर्यंत मला पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि विषय मी स्वतःच मागून घेतला आहे. विषय म्हणजे किराण्याचा हिशेब. हसू नका. चार चांगली मुलं एका किराण्याच्या बिलावरून घर मोडायला निघाली होती, आणि ते प्रकरण सोडवायला हे काका गेले होते.

माझा भाचा इथे हर्नडनला मेट्रो स्टेशनजवळ राहतो. २०२२ च्या नोव्हेंबरात सिल्व्हर लाइन इथवर आली तेव्हापासून गाडी न घेता राहणारी मुलं त्या भागात बरीच दिसतात. ह्या चौघांतही गाडी कोणाकडेच नाही. त्यामुळे किराणा ऑनलाइन मागवायचा. भाचा पुण्याचा, बाकी तिघांना मी गावावरूनच ओळखतो: कोल्हापूरकर, रत्नागिरीकर आणि नागपूरकर.

त्यांची पद्धत सोपी होती. भाचा कार्ट भरायचा, त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा, खालच्या रकमेला चारने भागायचा, आणि बाकीचे तिघे लगेच पैसे पाठवायचे. ऑर्डर भाच्याच्या कार्डावर. वाद नाही, कटकट नाही. असं सहा महिने चाललं. मग एका शनिवारी नागपूरकर म्हणाला, "मी पुढच्या महिन्यापासून वेगळं जेवण करीन." आणि कोल्हापूरकराने माझ्या भाच्याला तोंडावर विचारलं, "तू आमच्या पैशावर जेवतोस काय रे?"

भाच्याचा रात्री अकराला फोन. आवाज रडवेला. "मामा, मी एक सेंटही खाल्लेला नाही." मी म्हटलं, स्क्रीनशॉट घेऊन ये, आणि दुकानाकडून ईमेलवर आलेलं शेवटचं बिलही आण. तो म्हणाला, "शेवटचं बिल म्हणजे?" तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं.

आधी स्क्रीनशॉट बघू. तांदळाची २० पाउंडांची पिशवी २० डॉलर, तूरडाळ ८, तेल १२. म्हणजे चौघांचं सामायिक ४०. दोन गॅलन दूध ९. भाच्याचे फ्रोझन पराठे ७. कोल्हापूरकराचं मटण सव्वादोन पाउंड, २७. रत्नागिरीकराची सुरमई १७. एकूण बरोब्बर १००. त्यावर ७५ च्या वरच्या खरेदीला २० डॉलर सूट देणारं कूपन, डिलिव्हरीचे ६, टिप ६ आणि टॅक्स ८० सेंट. शेवटी ९२.८०. भागिले चार, प्रत्येकी २३.२०.

आता ह्या यादीत नागपूरकराचं काय आहे? त्याचं स्वतःचं काहीच नाही. मासे-मटण तो खात नाही, आणि दूध? मी त्याला विचारलं, चहाला तरी लागत असेल? म्हणाला, "काका, मी काळी कॉफी पितो." म्हणजे तांदूळ, डाळ, तेल ह्यातला चौथा हिस्सा, १० डॉलर, एवढंच त्याचं. आणि तो दर खेपेला दुप्पट देत होता. घरी शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते जातात म्हणून तो जपून राहतो, आणि जपून राहणाऱ्यालाच भुर्दंड! बोलायला लाजला, म्हणून वेगळ्या चुलीची भाषा.

तेव्हा पहिली गोष्ट: ऑर्डर देण्याआधी स्क्रीनशॉटवर प्रत्येक वस्तूपुढे अक्षरं लिहा. ती वस्तू कोण खाणार, त्यांची. घरात कोण राहतो हा प्रश्न नाही, वस्तू कोण वापरणार हा आहे. दुधापुढे तीन अक्षरं, म्हणजे ९ भागिले तीन. पण त्याच्या खाली उतरू नका. कोल्हापूरकर तीन वाट्या भात खातो आणि भाचा एकच, हे खरं असेल, पण ताटातले घास मोजायला लागलात तर एकत्र राहण्यात अर्थ नाही. नाव आहे किंवा नाही, एवढंच बघायचं. ह्या हिशेबाने भाच्याचे २०, कोल्हापूरकराचे ४०, रत्नागिरीकराचे ३० आणि नागपूरकराचे १० झाले. बेरीज १०० जुळली पाहिजे. नाही जुळली तर एखाद्या वस्तूपुढे अक्षर राहिलंय.

आता कूपन. इथे पोरांची जुंपली. नागपूरकर म्हणाला, चौघांना पाच-पाच. कोल्हापूरकर म्हणाला, माझ्या मटणाशिवाय ७५ चा आकडा गाठलाच नसता, तर सूट माझी. दोघांचंही थोडं थोडं खरं, पण पाच-पाच केले तर नागपूरकराला दहाच्या मालावर निम्मी सूट आणि कोल्हापूरकराला आठवा हिस्सा. कूपन एकूण खरेदीवर मिळालंय, तेव्हा ते खरेदीच्या प्रमाणातच वाटायचं.

ही रीत नवीन नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त असंच एक उदाहरण आहे. तीन जणांचं भांडवल ५१, ६८ आणि ८५. एकत्र धंद्यात ते ३०० झाले. कोणाला किती? प्रत्येकाच्या भांडवलाला ३०० ने गुणा आणि भांडवलाच्या बेरजेने, म्हणजे २०४ ने भागा. उत्तर ७५, १०० आणि १२५. तिथे नफा वाटलाय, इथे आपण सूट वाटतोय, गणित तेच. तुमची खरेदी गुणिले कूपन, भागिले एकूण खरेदी. भाच्याला ४, कोल्हापूरकराला ८, रत्नागिरीकराला ६, नागपूरकराला २. ज्याच्या मालाने आकडा गाठला त्यालाच सर्वांत जास्त मिळतंय, वेगळं बक्षीस द्यायला नको.

एक सावधगिरी. एखाद्याच वस्तूवरची सूट वेगळी असते. तांदळाच्या पिशवीवर २३ खोडून २० लिहिलेलं होतं. ते तीन डॉलर तांदूळ खाणाऱ्यांचे, आणि ते किमतीत आधीच वजा झालेले. खाली "एकूण बचत २३" असं ठळक लिहून येतं, आणि भाचा तेवढे वाटायला निघाला होता. तीन डॉलर दोनदा वाटले गेले असते.

डिलिव्हरीचे ६ मात्र सारखे वाटायचे. कारण सोपं आहे: मटण असो नसो, गाडी एकदाच येणार आणि सहाच डॉलर घेणार. टिपही तशीच, जिन्यावरून चढवलेली ती तांदळाची पिशवी सगळ्यांचीच होती. दोन्ही मिळून प्रत्येकी ३. पण दुकान जर खरेदीच्या टक्क्यांत सर्व्हिस फी लावत असेल, तर ती खरेदीबरोबर वाढते, म्हणून ती कूपनसारखी प्रमाणात वाटा. आणि कोणी फक्त कोथिंबिरीची जुडी मागितली तर त्याच्यावर तीन डॉलर लादू नका. पाच डॉलरच्या आत असेल त्याला माफ, असं ह्या मुलांनी ठरवलंय.

टॅक्स छोटा आहे, पण सरसकट नाही. व्हर्जिनियात २०२३ च्या जानेवारीपासून घरी शिजवायच्या अन्नावर १ टक्का लागतो, आणि आपल्या भागात साबण-शाम्पूसारख्या इतर वस्तूंवर ६ टक्के. त्यामुळे कोणाचा एकट्याचा शाम्पू असेल तर त्याचा टॅक्सही त्याच्याच नावावर.

इथवर सगळं स्क्रीनशॉटचं झालं. आता "शेवटचं बिल म्हणजे?" ह्या प्रश्नाकडे येतो.

कार्टचा स्क्रीनशॉट हे बिल नसतं मंडळी, तो अंदाज असतो. मटण वजनावर. सव्वादोन पाउंड मागितलं, आलं दोन पाउंड, म्हणजे २७ चे २४ झाले. सुरमई संपली होती, तिचे १७ लावलेच नाहीत. खरेदी झाली ८० ची. ७५ च्या वर राहिली म्हणून कूपन वाचलं. खाली गेली असती तर काही दुकानं तेही काढून घेतात. कार्डावर शेवटी लागले ७२.६०. आणि भाच्याने तिघांकडून २३.२० प्रमाणे ६९.६० घेतलेले! म्हणजे त्या खेपेला त्याचा सगळा किराणा तीन डॉलरमध्ये. कोल्हापूरकराने ओट्यावर पडलेली पावती पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं. भाचा चोर नव्हता, त्याने ते ईमेल उघडलंच नव्हतं. पण समोरच्याला हे कसं कळावं?

मग त्या रात्री माझ्या डायनिंग टेबलवर चौघांना बसवून पावतीवरून पुन्हा मांडलं. खरेदी: भाचा २०, कोल्हापूरकर ३७, रत्नागिरीकर १३, नागपूरकर १०. कूपन आता ८० वर २०, म्हणजे प्रत्येकाला चौथा हिस्सा सूट. उरलेल्यावर १ टक्का टॅक्स, अधिक ३ डॉलर. कोल्हापूरकराचे ३१.०३, रत्नागिरीकराचे १२.८५, नागपूरकराचे १०.५८ आणि भाच्याचे १८.१५. बेरीज केली तर ७२.६१. एक सेंट जास्त! प्रत्येकाचा अर्धामुर्धा सेंट वर ढकलल्यामुळे असं होतं. ह्यावरही वाद नको: ज्याचं कार्ड, त्याने बाकीच्यांचे वजा करून उरेल ते भरायचं. भाच्याचे १८.१४.

आता देणं-घेणं. नागपूरकराला १२.६२ परत, रत्नागिरीकराला १०.३५ परत. कोल्हापूरकर निघाला ७.८३ देणं, आणि भाचा १५.१४. ज्याने आवाज चढवला होता तोच देणेकरी निघाला, तेव्हा तो स्वतःच पहिल्यांदा हसला.

मागच्या सहा महिन्यांचं काय? ईमेलं होती, पण दुधा-पराठ्यांपुढे कोणाची अक्षरं हे आता कोणाला आठवणार? म्हणून तेवढंच केलं जेवढं पुराव्यानिशी करता येत होतं: मटण-मासे ज्यांचे त्यांच्या नावावर टाकले आणि माल न आल्यामुळे भाच्याकडे राहिलेले पैसे परत वाटले. बाकीचं सोडून दिलं. नागपूरकरच म्हणाला, "काका, पुढचं नीट झालं की बस."

आता त्यांची रीत अशी आहे. स्क्रीनशॉट ग्रुपवर येतो तो फक्त अक्षरं लिहायला. पैसे मागायचे नाहीत. माल आला, शेवटचं बिल आलं, की भाचा ते बिलच ग्रुपवर टाकतो आणि त्यावरून मागतो. रिफंड कधी दोन-तीन दिवसांनी येतो, म्हणून हिशेब बुधवारी. आम्ही १९९९ साली चौघं मिळून राहायचो तेव्हा पावती फ्रिजवर मॅग्नेटने लावलेली असायची आणि येता-जाता जो तो आपलं अक्षर लिहायचा. तेव्हा कार्ट नव्हतं, म्हणून अंदाजाचे पैसे मागायची सोयच नव्हती. पावती सगळ्यांना दिसायची, एवढाच काय तो फरक.

नागपूरकर अजून त्याच घरात आहे. आजच्या मसाला दुधाच्या पातेल्यापाशी तोच उभा आहे बघा. म्हणतो, काका, हे मात्र मी पितो, माझं अक्षर लिहा!

तुम्हां सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा. चला, दूध आलं.