शुक्रवारची उसळी आणि आठवड्याचा चार्ट

अंतरवाली सराटीत बसून मोबाइलवर सौदे करणारी आपली बरीच पोरं तासाचा चार्ट बघून खरेदी करतात. तेवढ्यावर भागत नाही, हे एकाच दिवसावरून सांगतो. तो दिवस म्हणजे 13 मार्च 2020, शुक्रवार.

बाजार उघडताच निफ्टी दहा टक्के कोसळली आणि 45 मिनिटं व्यवहार थांबले. सकाळच्या पडझडीत ती 8,555 पर्यंत गेली, पण बंद झाली थेट 9,955 वर, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा 365 अंश वर. तासाचा चार्ट सांगत होता, तळ लागला, घ्या! आठवड्याच्या चार्टवर मात्र वेगळंच दिसत होतं. मागच्या शुक्रवारचा बंद भाव होता 10,989. म्हणजे एवढी उसळी येऊनही आठवड्याची कॅन्डल लालच होती, निफ्टी आठवडाभरात हजारावर अंशांनी खाली आली होती आणि फेब्रुवारीअखेरपासून भाव 20 आठवड्यांच्या सरासरीखाली होता. सोमवारी निफ्टी 9,197 वर बंद झाली. 23 मार्चला 7,610!

म्हणून क्रम असा ठेवा. आठवड्याच्या चार्टवरून फक्त दिशा ठरवायची आणि तीही शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर, कारण बुधवारी हिरवी दिसणारी कॅन्डल शुक्रवारी लाल होऊ शकते. भाव 20 आठवड्यांच्या सरासरीवर, म्हणजे दिशा वरची असेल, तर रोजच्या चार्टवर तीन-चार दिवसांची घसरण येऊ द्या. ती ओसरून तासाच्या चार्टवर भावानं आधीच्या कॅन्डलचा उच्चांक ओलांडला, की खरेदी करा आणि स्टॉपलॉस त्या घसरणीच्या तळाखाली लावा. दिशा खालची असेल, तर तासाच्या चार्टवर कितीही उसळी दिसो, खरेदी करायची नाही. आणि स्टॉपलॉस आला, की बाहेर पडा. तोटा दिसला की ‘आता महिनाभर ठेवू’ म्हणत मोठ्या चार्टकडे वळणं, इथेच बहुतेकांचं भांडवल जातं.

तासाच्या चार्टची आपल्याकडे एक अडचण आहे. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे 375 मिनिटं चालतो. त्यामुळे शेवटची कॅन्डल पंधराच मिनिटांची उरते आणि तिच्यावरून काही ठरवणं धोक्याचं असतं. मी 75 मिनिटांची कॅन्डल वापरतो. दिवसाच्या बरोबर पाच होतात आणि आठवड्याचे दिवसही पाच. अलेक्झांडर एल्डर यांनी 1986 साली आपली ‘ट्रिपल स्क्रीन’ पद्धत मांडली, तीत एका चार्टवरून दुसऱ्यावर जाताना साधारण पाचपटीचंच अंतर ठेवलं आहे.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. निफ्टीचा तळ 24 मार्चला 7,511 वर लागला, पण 20 आठवड्यांच्या सरासरीवर ती आली जूनमध्ये, दहा हजार ओलांडल्यावर. मधले अडीच हजार अंश आपल्या हाती लागत नाहीत. माझ्या मते ते सोडून द्यावेत. भांडवल शाबूत राहिलं, तरच जूनमध्ये खरेदी करता येते.