टीएसएच थोडा वाढला, म्हणून लगेच गोळी?

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत आपली मुंबईही होती. त्यात सुमारे ८ टक्के प्रौढांचा टीएसएच वाढलेला, पण थायरॉईडचं हार्मोन टी-४ नॉर्मल आढळलं. म्हणजे ग्रंथी काम करते आहे. फक्त मेंदूखालच्या पिट्युटरीला तिला जरा जोरात हाक मारावी लागते.

समजा, मालाडच्या सत्तरीतल्या एका मावशींचा टीएसएच ६.८ आला, टी-४ नॉर्मल, आणि थकवा आहे. आधी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. आजारपणानंतर टीएसएच तात्पुरता वाढतो. पुष्कळांचा आपोआप उतरतो. वयानुसारही तो थोडा वाढतोच.

पुन्हा ६.५ आला तर? युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर झालेल्या अभ्यासात, २०१७ साली, असं दिसलं की वर्षभरानंतर खरी गोळी आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या थकव्यात फरक नव्हता. तेव्हा मावशींचं हिमोग्लोबिन, साखर, झोप बघावी आणि टीएसएच सहा महिन्यांनी पुन्हा तपासावा. गोळीचा डोस जास्त झाला, तर ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात.

टीएसएच दोनदा १०च्या वर आला, तर मात्र गोळीचा सहसा विचार होतो. तरुणांना लक्षणं असतील, तर डॉक्टर काही महिने गोळी देऊन बघतात. फरक पडला नाही तर थांबवतात. गरोदर असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बहिणींनी वाट न बघता डॉक्टरांकडे जावं. आणि चालू असलेली गोळी कुणीही स्वतःहून बंद करू नये.